क्रूझर, स्पोर्ट, टूरिंग, अ‍ॅडव्हेंचर: चेसिस, बैठक आणि उपयोग यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाइक घ्यायच्या आधी लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे कंपन्यांनी दिलेले आहेत. पुढच्या मॉडेलमध्ये ते थोडे इकडेतिकडे झालेले असू शकतात.

1. या चार प्रकारांत नेमका फरक काय? थोडक्यात सांगा.

क्रूझर म्हणजे सरळ रस्त्यावर निवांत चालवायची गाडी: सीट खाली, पाय पुढे, हँडल तुमच्याकडे ओढलेलं. स्पोर्ट म्हणजे वळणं आणि ब्रेकिंग यांसाठी बांधलेली: सीट वर, पाय मागे, हँडल खाली, अंग पुढे झुकलेलं. टूरिंग म्हणजे दिवसभर, सामानासकट आणि शक्यतो डबलसीट चालवायची: पाठ जवळजवळ ताठ, समोर वारा अडवणारी काच, मागे बॅगा धरणारी मजबूत चौकट. अ‍ॅडव्हेंचर म्हणजे रस्ता संपला तरी न थांबणारी: उंच सीट, रुंद हँडल, लांब शॉकअप, पुढचं चाक मोठं.

इंजिनाचा इथे उल्लेख नाही, हे लक्षात आलं असेल. एकच इंजिन तीन प्रकारच्या गाड्यांत बसतं आणि तिन्ही गाड्या वेगळ्या वागतात. ते प्रश्न 3 मध्ये पाहू.

2. शोरूममध्ये उभी गाडी बघून प्रकार ओळखायचा कसा? स्टिकरवर तर काहीही लिहितात.

तीन ठिकाणं बघा: तुमचे हात कुठे टेकतात, बूड कुठे टेकतं आणि पाय कुठे टेकतात. या तीन बिंदूंचा त्रिकोण गाडीचा स्वभाव सांगतो, कारण तुमचं वजन कुठे जाणार हे त्यावर ठरतं.

गाडीच्या बाजूला उभे राहा आणि सीटच्या सर्वांत खोल जागेपासून मनातल्या मनात एक रेघ सरळ खाली सोडा. फूटरेस्ट त्या रेघेच्या बराच पुढे असेल तर क्रूझर. रेघेच्या आसपास असेल तर टूरिंग किंवा अ‍ॅडव्हेंचर. स्पष्ट मागे असेल तर स्पोर्ट. मग हँडल बघा. सीटच्या मानाने ते चांगलं उंच आणि रुंद असेल तर गाडी उभं राहून चालवायचा विचार झालेला आहे. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कलाच, त्याच्या वरच्या क्लॅम्पच्या खाली जोडलेलं असेल तर तुमचं धड टाकीवर झुकणार.

सेल्समन आधी टाकीचा आकार आणि हेडलाइट दाखवतो. ते शेवटी बघितलं तरी चालतं.

3. चेसिस ट्रेलिस आहे म्हणजे स्पोर्ट बाइक, क्रेडल आहे म्हणजे क्रूझर, असं असतं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त भेटतो. ट्रेलिस म्हणजे नळ्या जोडून केलेली त्रिकोणांची जाळी. क्रेडल म्हणजे इंजिनाला खालून झोळीसारखी धरणारी नळ्यांची चौकट. पेरिमीटर किंवा ट्विन-स्पार म्हणजे हँडलच्या मुळापासून मागच्या फोर्कच्या पिव्हटपर्यंत इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी गेलेले दोन जाड दांडे. या बांधायच्या पद्धती आहेत. गाडी काय काम करणार हे पद्धतीवरून कळत नाही, मापांवरून कळतं.

केटीएमच्या आधीच्या पिढीतल्या तीन 390 गाड्या घ्या. तिन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनलेल्या, तिन्हींत तेच 373 सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन, तिन्हींची चेसिस ट्रेलिस. आता मापं पाहा. स्पोर्ट प्रकारातल्या पहिल्या आरसी 390 चा पुढचा फोर्क उभ्या रेषेपासून 23.5 अंश कललेला, दोन चाकांमधलं अंतर 1340 मिमी, सीट 820 मिमी. 390 ड्यूकमध्ये फोर्क 25 अंश आणि अंतर 1357 मिमी. 390 अ‍ॅडव्हेंचरमध्ये फोर्क 26.5 अंश, अंतर 1430 मिमी, सीट 855 मिमी, आणि शॉकअपची चाल पुढे 170 व मागे 177 मिमी.

आरसी ते अ‍ॅडव्हेंचर फोर्कचा कल जेमतेम 3 अंशांनी वाढला आणि गाडी 9 सेंटीमीटरने लांबली. कागदावर हे किरकोळ वाटतं. पण कात्रज घाटात आरसी नजर जाईल तिकडे वळते, आणि तीच आरसी मुरमाड उतारावर पुढच्या खडकाला अडते. अ‍ॅडव्हेंचरचं बरोबर उलट.

4. हा फोर्कचा कल म्हणजे 'रेक' ना? त्याने नक्की काय बदलतं?

हो, रेक म्हणजे तोच कोन. त्याच्याबरोबर ट्रेल येते. हँडल ज्या अक्षावर फिरतं ती रेघ जमिनीपर्यंत नेली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक ढकललं की आपोआप मागे वळून सरळ होतं, ते याच कारणाने. ट्रेल जास्त असली की गाडी स्वतःहून सरळ राहू पाहते. साधारणपणे रेक वाढला की ट्रेलही वाढते.

रॉयल एनफील्डच्या 650 गाड्यांत हे छान दिसतं. इंटरसेप्टर आणि सुपर मीटिऑर यांचं 648 सीसीचं इंजिन एकच. इंटरसेप्टरचा रेक 24 अंश, चाकांमधलं अंतर सुमारे 1400 मिमी. सुपर मीटिऑर क्रूझर, म्हणून तिला स्वतंत्र चेसिस दिली: रेक 27.6 अंश, अंतर 1500 मिमी, सीट 740 मिमी. हायवेवर सुपर मीटिऑर रुळावरून चालल्यासारखी जाते. मात्र पार्किंगमध्ये किंवा घाटातल्या अगदी आवळलेल्या वळणावर, वेग चालण्याइतका उतरला की हँडल आतल्या बाजूला पडू पाहतं आणि ते हाताने धरून ठेवावं लागतं. हा गाडीतला बिघाड नाही, कललेल्या फोर्कचा स्वभाव आहे. नवीन क्रूझरवाले पहिल्या आठवड्यात 'बेअरिंग टाइट आहे का' म्हणून गॅरेजला येतात, ते बहुतेक वेळा यामुळेच.

5. क्रूझर सगळ्यात आरामदायी म्हणतात. मग दोन तासांत माकडहाड का दुखतं?

कारण पाय पुढे असले की ते तुमचं वजन उचलू शकत नाहीत. फूटरेस्ट शरीराच्या खाली असेल तर खड्डा दिसताच तुम्ही पायांवर जोर देऊन बूड सीटवरून बोटभर उचलता आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. पाय पुढे पसरलेले असतील तर हे जमत नाही. सगळा धक्का सीटमधून सरळ कण्यात.

त्यात क्रूझरची सीट खाली ठेवायची म्हणून मागच्या शॉकअपला जागा कमी मिळते. सुपर मीटिऑरची मागची चाल 101 मिमी आहे, अ‍ॅडव्हेंचर प्रकारातल्या हिमालयन 450 ची 200 मिमी. गुळगुळीत रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही. पावसाळ्यानंतरच्या मुंबई-गोवा रस्त्यावर मात्र दर किलोमीटरला जाणवतो.

म्हणून क्रूझर आरामदायी आहे हे खरं, पण कुठे ते विचारायला हवं. ही बैठक अमेरिकेतल्या लांबच लांब सरळ रस्त्यांवर रुजली. आपल्याकडे ती सर्वसामान्यांच्या हाती आली ती 2001 ची कावासाकी बजाज एलिमिनेटर आणि 2005 पासूनची अ‍ॅव्हेंजर यांच्यामुळे. अ‍ॅव्हेंजरची 737 मिमीची सीट आजही बुटक्या माणसाला देवासारखी वाटते. चांगल्या रस्त्यावर ती सुख देते, खड्ड्यांवर नाही. मीटिऑर 350 सारख्या काही गाड्यांत फूटरेस्ट फार पुढे नसतात. आपल्या रस्त्यांना तसली क्रूझर जास्त मानवते.

6. स्पोर्ट बाइकवर मनगटं आणि मान दुखते. सवय होते की माझंच काही चुकतंय?

थोडं दोन्ही. ही बैठक वेगासाठी आहे. वेग वाढला की समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि हातांवरचा भार उतरतो. शहरात 30-40 च्या वेगाने तो वारा मिळत नाही, म्हणून धडाचं वजन तळहातांवर येतं. आणि आपल्याकडे चौपदरी महामार्गावरही दुचाकीची मर्यादा ताशी 80 किमी आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे ज्या वेगाला ही बैठक सुखाची होते तो वेग कायद्याने मिळणारा रस्ताच तुमच्याकडे नाही.

चूक कुठे होते तर हातांवर रेलण्यात. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, वजन पोट आणि पाठीच्या स्नायूंवर घ्या. तपासायची खूण सोपी: गाडी चालू असताना कोपर कोंबडीच्या पंखासारखी हलवता आली पाहिजेत. हलत नसतील तर तुम्ही हँडलवर लटकलेले आहात, आणि तुमच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर गाडीलाही नकळत वळवताय.

7. क्रूझर घाटात वळत नाही, खाली घासते. खरं आहे का?

घासते हे खरं. पण कधी, ते हिशोबाने बघू.

वळणावर गाडी किती कलते हे वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतं, गाडीच्या वजनावर नाही. घाटातलं 30 मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी 40 ला गाडी साधारण 23 अंश कलते. 47 ला 30 अंश. 60 ला 43 अंश. टायरला जाडी असते, म्हणून प्रत्यक्षात याहून दोन-तीन अंश जास्त लागतात.

बहुतेक क्रूझरचे फूटरेस्ट 30 ते 35 अंशांच्या दरम्यान रस्त्याला टेकतात. म्हणजे त्या वळणावर 40 ला तुम्ही निर्धास्त, 50 च्या आसपास फूटरेस्टखालचा खिळा घासायला लागणार. स्पोर्ट बाइक त्याच वळणावर 60 लाही काहीही न टेकता जाईल. तिच्या फूटरेस्ट उंच आणि मागे असतात त्या याचसाठी.

आता आंबोली किंवा वरंधा घाटात, समोरून एसटी येत असताना, खडी सांडलेल्या वळणावर 60 ने जायचंय का? घाटात शहाण्या वेगाने जाणाऱ्याला क्रूझरचा कल पुरतो. अडचण एकच: वळणात शिरल्यावर ते अंदाजापेक्षा आवळत गेलं तर क्रूझरकडे शिल्लक कमी असते. आणि खिळा घासला म्हणून दचकून ब्रेक दाबला तर गाडी उभी होऊन बाहेर फेकली जाते. खिळा आवाज करण्यासाठीच दिलेला असतो. आवाज आला की नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा आणि थ्रॉटल हळूच स्थिर ठेवा. पुढच्या वळणाला आधीच वेग उतरवा.

8. माझी उंची 5 फूट 4 इंच आहे. अ‍ॅडव्हेंचर बाइक झेपेल का?

बहुधा झेपेल, पण सीट-उंचीचा आकडा एकटा बघू नका. हिमालयन 450 ची सीट 825 मिमी. तुमच्या उंचीच्या माणसाची जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी साधारण 75 सेंटीमीटर, बुटाची 2-3 धरून 78. म्हणजे आकड्यात साडेचार सेंटीमीटर कमी. पण लांब शॉकअप तुम्ही बसलात की 3-4 सेंटीमीटर दबतो. उरलेलं सीटच्या रुंदीवर. सीट पुढे निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढी उंची पुन्हा वाया जाते.

दोन्ही पावलांचे चवडे टेकले की पुरे आहे. सिग्नलला एका बाजूला थोडं सरकून डावा पाय पूर्ण टेकायचा आणि उजवा ब्रेकवर ठेवायचा. हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

गाड्या पडतात त्या सपाट रस्त्यावर नाही. थांबताना डावा पाय नेमका खळग्यात जातो, किंवा रस्ता त्या बाजूला उतरता असतो, आणि 196 किलोची गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे गेली की सावरत नाही. म्हणून थांबायच्या आधी पाय कुठे टेकणार ती जागा बघायची सवय लावा. लो-सीट मिळत असेल तर घ्या. मागची लिंक बदलून गाडी खाली बसवणं मात्र टाळा. मागची बाजू बसली की फोर्क आणखी कलतो, आणि पुढे काय होतं ते प्रश्न 4 मध्ये आहे. शिवाय साइड स्टँड लांब पडून गाडी धोकादायक उभी राहते.

9. टूरिंग आणि अ‍ॅडव्हेंचर एकच ना? दोन्हींवर बॅगा लावून लोक फिरतात.

भारतात ही दोन नावं एकमेकांत मिसळली आहेत, कारण खऱ्या अर्थाची टूरिंग बाइक इथे फारशी दिसतच नाही. ती बघायची तर होंडा गोल्ड विंग बघा: 1833 सीसी, सहा सिलिंडर, चाकांमधलं अंतर 1695 मिमी, सीट तरीही 745 मिमी, आणि इतकी जड की मागे घ्यायला रिव्हर्स दिलेला. डांबर संपलं की तिचं कामही संपलं.

अ‍ॅडव्हेंचरचा वंश वेगळा. 1980 ची बीएमडब्ल्यू आर 80 जी/एस ही तिची आजी; पुढच्याच वर्षी ह्युबेर ओरिओलने तिच्यावर पॅरिस-डकार शर्यत जिंकली. लांब अंतर आणि कच्चा रस्ता एकाच गाडीवर करायची कल्पना तिथून रुजली.

फरक ओळखायला पुढचं चाक बघा. 17 इंची असेल तर ती डांबरावरची गाडी, कितीही उंच दिसली तरी. 19 इंची म्हणजे डांबर जास्त, कच्चा रस्ता अधूनमधून. 21 इंची म्हणजे दगडधोंड्यांचा गांभीर्याने विचार झालाय. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, पण घाटात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर पटकन कलत नाही.

10. डोमिनार 400 आणि कॉन्टिनेंटल जीटी 650 कोणत्या खान्यात?

डोमिनारची पेरिमीटर चेसिस आणि इंजिन दोन्ही स्पोर्टच्या घराण्यातली, पण हँडल उंच आणि पाठ ताठ. कामाने ती टूरिंग.

जीटी जास्त मजेशीर. तिची चेसिस आणि इंजिन इंटरसेप्टरचंच. बदललंय ते हँडल, जे खाली आलं, आणि फूटरेस्ट, जे मागे गेले. दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवून पाहिल्या तर त्रिकोणाचा परिणाम समजावून सांगावा लागत नाही. जीटी स्पोर्टसारखी बसवते पण वजनाने आणि शॉकअपने ती स्पोर्ट नाही. तिला कॅफे रेसर म्हणतात, आणि खाना शोधत बसायची गरजही नाही.

11. लडाखला अ‍ॅडव्हेंचरच लागते का?

नाही. मनाली-लेह रस्त्याचा बराच भाग आता डांबरी आहे आणि बुलेटवर तिथे माणसं कित्येक वर्षं जात आली आहेत. अडतं ते नाल्यांत आणि वितळत्या बर्फाच्या चिखलात. तिथे उभं राहून चालवता येणं, पोटाखाली 200 मिमीच्या वर जागा असणं, यांचा उपयोग होतो. आणि टाकीचा. वाटेतल्या तांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप 365 किमी' ही पाटी प्रसिद्ध आहे. हिमालयन 450 च्या 17 लीटरमध्ये लीटरला 28 धरले तरी 470 किमी होतात. जुन्या आरसी 390 च्या जेमतेम 10 लीटरमध्ये तेवढंच अ‍ॅव्हरेज धरलं तर 280. कॅन बांधावाच लागणार.

12. साध्या बाइकचं हँडल उंच करून आणि टॉप बॉक्स लावून टूरिंग बाइक होते का?

बैठक सुधारते, चेसिस तीच राहते.

हँडल रायझर 20-30 मिमीपर्यंत ठीक. बसवल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. पुढच्या ब्रेकचा होजही ताठ होत नाही ना बघा. यातलं काहीही दिसलं तर लांब केबल घातल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

टॉप बॉक्सचं वजन मागच्या चाकाच्या अक्षाच्याही मागे येतं. 10 किलोचा बॉक्स अक्षाच्या 40 सेंटीमीटर मागे असेल आणि चाकांमधलं अंतर 140 सेंटीमीटर असेल, तर पुढच्या चाकावरचा भार जवळजवळ 3 किलोने कमी होतो. लोक त्यात 20-25 भरतात, वर मागे माणूसही बसतो. मग 80 ला हँडल हलकं लागतं आणि ट्रक ओलांडताना गाडी शेपूट हलवते. जड सामान बाजूच्या बॅगांत खाली ठेवा, बॉक्समध्ये रेनकोट आणि कपडे.

चेसिस कापणं, फोर्क लांब करणं यांच्या वाटेला जाऊ नका. गाडीच्या आरसी बुकात नोंदलेली मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं, आणि रेक बदललेली गाडी कशी वागेल हे वेल्डरला माहीत नसतं.

13. मागे बायको किंवा आई कायम बसणार असेल तर?

स्पोर्ट काढूनच टाका. मागची सीट उंच, पाय दुमडलेले, आणि ब्रेक लागला की मागची व्यक्ती तुमच्या पाठीवर येते. ते वजन पुन्हा तुमच्या मनगटांवर (प्रश्न 6).

अ‍ॅडव्हेंचरवर मागची जागा प्रशस्त असते, पण चढणं अवघड. साडी नेसून किंवा गुडघे दुखत असताना तितकी उंच टांग टाकता येत नाही, आणि चढताना गाडी एका बाजूला ओढली जाते. नेमकी प्रश्न 8 मधली पडायची वेळ. क्रूझरवर चढणं सोपं. पण मागची गादी चतकोर असते आणि आखूड शॉकअप दोघांच्या वजनाने खाली टेकतो, म्हणून प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवून घ्या.

टेस्ट राइडला त्यांना बरोबर न्या. एकट्याने चालवून बघितलेली गाडी डबलसीट वेगळीच वागते. दोघांनी बसून एक गतिरोधक नेहमीच्या वेगाने ओलांडा. मागून 'ठक्' आवाज आला तर शॉकअप तळाला टेकला. प्रीलोड वाढवूनही तो आवाज येत असेल तर ती गाडी एकट्यासाठीच आहे.